हिंदीतली माफी मराठीत, मराठीतले आभार हिंदीत : चार ओळींच्या चिठ्ठीचे भाषांतर करताना आदर कसा राखावा

हिंदी आणि मराठी यांची लिपी एक आहे, निम्म्याहून अधिक शब्द ओळखीचे आहेत आणि महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या बहुतेकांना हिंदी वाचता येते. त्यामुळे शेजाऱ्याने लिहिलेली माफीची हिंदी चिठ्ठी मराठीत करून देणे किंवा परगावी मदत केलेल्या माणसाला आपल्या आईच्या वतीने हिंदीत आभार कळवणे हे काम कोणीही चटकन अंगावर घेतो. अर्थ सहसा पोहोचतो. बिघडते ती आदराची पातळी, आणि आभार किंवा माफी यांसारख्या मजकुरात दुसरे फारसे काही नसल्यामुळे ती बिघडली की चिठ्ठीच बिघडते. पूर्ण परकी भाषा असती तर आपण प्रत्येक शब्द तपासला असता. येथे शब्द ओळखीचे दिसतात म्हणून तपासणी होत नाही. पुढे दोन चिठ्ठ्या घेतल्या आहेत, एक हिंदीतून मराठीत येणारी माफीची आणि एक मराठीतून हिंदीत जाणारी आभाराची, आणि त्यांच्या आधारे ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी ते सांगितले आहे.

पहिली पायरी : चिठ्ठी बाजूला ठेवून नाते ठरवणे

भाषांतराला हात घालण्यापूर्वी लिहिणारा कोण, वाचणारा कोण, दोघांच्या वयात आणि ओळखीत किती अंतर आहे, आणि ज्यासाठी आभार किंवा माफी आहे ती गोष्ट किती मोठी आहे, हे एका वाक्यात कागदावर लिहून घ्यावे. उदाहरणार्थ : ‘चौथ्या मजल्यावरची तिशीतली भाडेकरू, तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेला, ओळख जिन्यातल्या नमस्कारापुरती, नुकसान खरे आणि पैशांत मोजता येणारे.’ हे वाक्य पुढे प्रत्येक शंकेचे उत्तर देते. ते नसेल तर भाषांतर करणारा मूळ मजकुरातल्या शब्दांकडे पाहून पातळी ठरवतो, आणि दोन भाषांत तेच शब्द वेगवेगळ्या पातळीवर बसलेले असल्यामुळे तेथेच चूक होते.

दुसरी पायरी : संबोधनाचे सर्वनाम

हिंदीत तू, तुम आणि आप अशा तीन पायऱ्या आहेत, मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन. त्यामुळे पहिलीसमोर पहिली, दुसरीसमोर दुसरी आणि तिसरीसमोर तिसरी ठेवण्याचा मोह होतो. पण या दोन शिड्यांच्या पायऱ्या एका उंचीवर नाहीत. हिंदीतले ‘आप’ हे रोजच्या वापराचे आहे. दुकानदाराला, शेजाऱ्याला, सासूला आणि कचेरीतल्या सहकाऱ्याला सारखेच ‘आप’ म्हटले जाते. मराठीत या सगळ्यांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो. मराठीतले आदरार्थी ‘आपण’ निमंत्रणपत्रिका, अर्ज, व्यासपीठावरचे भाषण आणि मानपत्र अशा ठिकाणी शोभते, आणि जिन्यात भेटणाऱ्या काकूंना ते वापरले तर चिठ्ठी सोसायटीच्या नोटिशीसारखी वाचली जाते. म्हणून हिंदी ‘आप’ला मराठीत ‘तुम्ही’ ही नेहमीची जोडी धरावी आणि ‘आपण’ फक्त तेव्हाच घ्यावे, जेव्हा मूळ चिठ्ठी संस्थेकडून आलेली असेल किंवा लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष भेटीतही ‘आपण’ म्हणावे इतकी वाचणारी व्यक्ती दूरची असेल.

‘तुम’चे तसेच आहे. हिंदीत मित्र, धाकटा सहकारी, वर्गमैत्रीण यांना ‘तुम’ म्हणतात. मराठीत त्यांतल्या बहुतेकांना ‘तू’ चालते. हिंदीतले ‘तू’ मात्र अतिशय जवळच्या माणसाला, देवाला किंवा भांडणात वापरले जाते, आणि मराठी माणसाने मित्राला सहज म्हणून लिहिलेले ‘तू’ हिंदीत तसेच ठेवले तर लखनौ किंवा भोपाळकडच्या वाचकाला ते उद्धट वाटू शकते. मराठी ‘तू’ हिंदीत नेताना आधी ‘तुम’चा विचार करावा, आणि वाचणारा वयाने मोठा असेल तर थेट ‘आप’चा. मराठीत आईला ‘तू’ म्हणतात म्हणून हिंदीत आईला ‘तू’ लिहिण्याचे धाडस नवख्याने करू नये.

माफीच्या चिठ्ठीत ‘आपण’चा आणखी एक धोका आहे. मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरची आदरणीय व्यक्ती, आणि ‘आपण’ म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघे मिळूनही. हिंदीत मात्र ‘हम’ एकच आहे, त्यात आम्हीही आले आणि आपणही आले. ‘हमसे ग़लती हुई’ या वाक्याचे ‘आपल्याकडून चूक झाली’ असे भाषांतर केले, तर वाचणाऱ्या काकूंना त्याचा अर्थ ‘तुमच्याकडून चूक झाली’ असा लागू शकतो किंवा ‘तुमच्या-माझ्याकडून चूक झाली’ असा. दोन्ही अर्थांनी माफी मागणारा दोष त्यांच्याकडे ढकलतो आहे असे दिसते. माफीत ‘हम’चे मराठी ‘आम्ही’ किंवा ‘मी’ यांपैकीच काहीतरी असावे. त्यातही उत्तर प्रदेश आणि बिहारकडचे कित्येक जण स्वतः एकट्याबद्दल बोलतानाही ‘हम’ म्हणतात, तेव्हा लिहिणारा एकटा आहे की कुटुंबाच्या वतीने लिहितो आहे, हे विचारून घ्यावे. एकट्या माणसाचे ‘आम्ही’ मराठीत संस्थानिकासारखे वाटते.

सर्वनाम ठरले की क्रियापदे त्याच्यामागे शेवटपर्यंत न्यावीत. ‘तुम्ही मदत केलीत’, ‘तुम्ही थांबलात’ या रूपांतला शेवटचा त काही जण हल्ली गाळतात. आदराच्या चिठ्ठीत तो ठेवावा, कारण तो वाक्य नीट वाचणाऱ्याकडे वळवतो. हिंदीत जाताना उलटी काळजी घ्यावी लागते. मुंबई-पुण्याच्या बोलण्यातल्या हिंदीत ‘आप आओ’, ‘आप माफ करो’ अशी सर्वनाम वरच्या पायरीचे आणि क्रियापद खालच्या पायरीचे अशी मिसळ सर्रास ऐकू येते. मराठी ‘या’, ‘करा’ यांच्याशी ‘आओ’, ‘करो’ जुळतात असे कानाला वाटते, म्हणून ती होते. लिहिताना ‘आइए’, ‘कीजिए’ किंवा ‘आएँ’, ‘करें’ हीच रूपे हवीत, आणि त्याहून मऊ हवे असेल तर ‘आइएगा’, ‘कीजिएगा’.

तिसरी पायरी : माफी आणि आभाराच्या शब्दांचे वजन

हिंदीत सॉरी, माफ़ी, क्षमा आणि खेद. मराठीत सॉरी, माफी, क्षमा, दिलगिरी आणि खेद. यांपैकी ‘सॉरी’ दोन्हीकडे सारखेच हलके आहे आणि उशिरा उत्तर दिले इतक्या कारणासाठी समवयस्काला ते खुशाल तसेच ठेवावे. त्याचे ‘क्षमस्व’ करण्याची गरज नाही. ‘माफी’ही जवळजवळ बरोबरीने चालते. फरक पडतो तो ‘खेद’ पाशी. ‘असुविधा के लिए खेद है’ हे हिंदीत संस्थेचे ठरावीक वाक्य आहे, रेल्वेच्या घोषणांतून सर्वांच्या कानावर पडलेले. मराठीत त्याच प्रसंगी ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ म्हणतात, आणि ‘खेद’ हा शब्द बातमीतल्या पुढाऱ्याने व्यक्त केलेला असतो. म्हणून संस्थेच्या ‘खेद’ला मराठीत ‘दिलगिरी’ द्यावी. उलट दिशेने ‘दिलगीर’ हिंदीत कधीही तसे नेऊ नये, कारण उर्दूच्या वळणाच्या हिंदीत ‘दिलगीर’ म्हणजे उदास, खिन्न. ‘मैं दिलगीर हूँ’ वाचून समोरचा तुमचीच विचारपूस करील. व्यक्तीने व्यक्तीला मागितलेल्या माफीत मात्र ना खेद चांगला ना दिलगिरी. नुकसान खरे असेल तेव्हा दोन्ही भाषांत ‘माफी’ किंवा ‘क्षमा’ हाच सरळ शब्द घ्यावा.

‘भूल हो गई’ मधल्या ‘भूल’ची मराठीत ‘चूक’ करावी लागते, कारण मराठीतली भूल एक तर शस्त्रक्रियेआधी देतात नाही तर कशाची तरी पडते. ‘मेहरबानी’चेही पाहावे. हिंदीत ‘आपकी बड़ी मेहरबानी’ हे सरळ मनाने म्हटलेले आभार असतात. मराठीत जुन्या अर्जांत ‘मे. तहसीलदारसाहेब’ मधले ‘मे.’ हे मेहेरबानच असले, तरी रोजच्या बोलण्यात ‘मोठी मेहेरबानी झाली’ हे वाक्य टोमणा म्हणूनच उच्चारले जाते. तेथे ‘तुमचे फार आभार’ किंवा ‘मी तुमची फार आभारी आहे’ असे साधे वाक्य ठेवावे.

वजनाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे त्या शब्दामागे लागणारा प्रत्यय. हिंदीत ‘आपसे’ माफी मागतात, मराठीत ‘तुमची’ माफी मागतात. ‘तुमच्याकडून माफी मागतो’ असे लिहिले की हिंदी मजकूर खालून दिसू लागतो. हिंदीत मदत ‘के लिए’ धन्यवाद, मराठीत मदती‘बद्दल’ धन्यवाद. ‘मदतीसाठी धन्यवाद’ आता सर्वत्र छापले जाते, पण काळजीपूर्वक लिहिलेल्या चिठ्ठीत ‘बद्दल’ अधिक जुने आणि स्वच्छ वाटते. आणि आभार मराठीत अनेकवचनी आहेत, हिंदीत एकवचनी : ‘तुमचे आभार’, पण ‘आपका आभार’; ‘तुमचे उपकार’, पण ‘आपका उपकार’.

चौथी पायरी : दगा देणारे ओळखीचे शब्द

सगळे फसवे शब्द पाठ करण्याची गरज नाही. आभार आणि माफीच्या मजकुरात फिरून फिरून तेच येतात. शिक्षकांना लिहिलेल्या आभाराच्या हिंदी पत्रात ‘आपने मुझे जो शिक्षा दी’ असे हमखास असते आणि मराठीत ती शिक्षा तशीच राहिली तर गुरुजींनी छडी मारल्याबद्दल शिष्य आभार मानतो असे होते; तेथे ‘शिक्षण’ किंवा त्याहून बरे, ‘तुम्ही जे शिकवलंत’. ‘मैं पूरी चेष्टा करूँगा’ हे हिंदीत मनापासूनचे आश्वासन आहे, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. ‘आपको आपत्ति न हो तो’ मधली आपत्ति म्हणजे हरकत. मराठी आपत्ती पुराच्या आणि भूकंपाच्या बातमीत असते. ‘कष्ट’ हिंदीत समोरच्याला झालेला त्रास आहे, मराठीत कष्ट म्हणजे अंगमेहनत, म्हणून ‘आपको कष्ट दिया’ याचे ‘तुम्हाला त्रास दिला’ किंवा, प्रसंग लहान असेल तर, ‘तुम्हाला तसदी दिली’ असे करावे. उलट दिशेने मराठी ‘त्रास’ हिंदीत नेऊ नये, तेथे तो भय आणि यातनांच्या बाजूला झुकतो. ‘तकलीफ़’ किंवा ‘परेशानी’ पुरे. मराठीतला चांगला ‘अभिमान’ हिंदीत गर्विष्ठपणा होतो, तेथे ‘गर्व’ हा शब्द हवा, जो पुन्हा मराठीत वाईट आहे. या एका जोडीवर मी जितक्या वेळा नवशिक्यांना अडखळताना पाहिले आहे तितके दुसऱ्या कशावरही नाही.

आणि ‘लोभ’. ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’ हा मराठी पत्राचा किती गोड शेवट आहे, पण हिंदीत लोभ म्हणजे फक्त हाव. ‘लोभ बनाए रखें’ असे कोणी लिहिले तर वाचणाऱ्याने काय समजावे? तेथे ‘स्नेह बनाए रखिएगा’ हे अगदी त्याच जागी बसते.

पाचवी पायरी : एक माफीची चिठ्ठी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता आधी लिहून ठेवलेले नाते घ्यावे : चौथ्या मजल्यावरची भाडेकरू आणि तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. समजा तिने हिंदीत असे लिहिले आहे :

‘आदरणीय आंटी जी, सादर नमस्ते। कल रात हमारे बाथरूम का पाइप फट गया, जिससे आपके यहाँ पानी टपका और छत का रंग ख़राब हो गया। हमसे बड़ी लापरवाही हो गई, हमें पहले ही ध्यान देना चाहिए था। आपको जो कष्ट हुआ उसके लिए हम आपसे माफ़ी माँगते हैं, हमें माफ़ कर दीजिए। प्लंबर आज शाम को आ रहा है। रंगाई का ख़र्च हम देंगे, मना मत कीजिएगा। आपको आपत्ति न हो तो रविवार को पेंटर भेज दें?’

शब्दाला शब्द ठेवून घाईने केलेले मराठी साधारणपणे असे होते :

‘आदरणीय आंटीजी, सादर नमस्ते. काल रात्री आमच्या बाथरूमचा पाइप फुटून गेला, ज्यामुळे आपल्या इथे पाणी टपकले आणि छताचा रंग खराब होऊन गेला. आपल्याकडून मोठी बेपर्वाई होऊन गेली, आपल्याला आधीच लक्ष द्यायला पाहिजे होते. आपल्याला जे कष्ट झाले त्यासाठी आम्ही आपल्याकडून माफी मागतो, आम्हाला माफ करून टाका. प्लंबर आज संध्याकाळी येत आहे. रंगाईचा खर्च आम्ही देऊ, मना करू नका. आपल्याला आपत्ती नसेल तर रविवारी पेंटर पाठवून देऊ?’

हे वाचून निवृत्त शिक्षिका लाल पेन शोधतील. ‘आपल्याकडून बेपर्वाई’ आणि ‘आपल्याला आधीच लक्ष द्यायला पाहिजे होते’ ही दोन वाक्ये तर माफीची उलटी तक्रार करून टाकतात, कारण आधीच्याच वाक्यातले ‘आपल्या इथे’ हे काकूंच्या घराबद्दल होते. दुसरी मोठी खोट जोडक्रियापदांत आहे. हिंदीत ‘फट गया’, ‘हो गई’, ‘माफ़ कर दीजिए’ ही नेहमीची, बिनवजनाची रूपे आहेत. मराठीत ‘होऊन गेली’ म्हटले की झाले ते झाले, आता त्याचे काय, असा सूर लागतो, आणि ‘माफ करून टाका’ मध्ये तर एकदाचे उरकून टाका अशी घाई ऐकू येते. अशा ठिकाणी दुसरे क्रियापद बिनदिक्कत काढावे : फुटला, झाला, माफ करा. (वर ‘तक्रार करून टाकतात’ असे मी मुद्दाम लिहिले आहे, ‘टाकणे’ मराठीत कुठे शोभते ते त्यावरून दिसेल.)

नीट केलेले मराठी असे व्हावे :

‘आदरणीय काकू, सादर नमस्कार. काल रात्री आमच्या बाथरूमचा पाइप फुटला आणि तुमच्याकडे पाणी गळलं, त्यामुळे तुमच्या छताचा रंगही खराब झाला. पाइपकडे आम्ही आधीच लक्ष द्यायला हवं होतं, हा आमचाच निष्काळजीपणा आहे. तुम्हाला फार त्रास झाला, त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागते. प्लंबर आज संध्याकाळी येतो आहे. छत रंगवून घेण्याचा खर्च आम्ही करू, त्याला कृपा करून नाही म्हणू नका. तुमची हरकत नसेल तर रविवारी रंगाऱ्याला पाठवू का?’

येथे केलेले काही बदल अर्थासाठी नसून पातळीसाठी आहेत. ‘आंटी जी’च्या ‘काकू’ झाल्या, कारण मराठी शेजारात वयाने मोठ्या बाईला हेच म्हणतात, आणि ‘जी’ गेला तरी ‘आदरणीय’ आणि ‘तुम्ही’ मिळून तेवढा आदर भरून काढतात. काकू निवृत्त शिक्षिका असल्यामुळे सगळी सोसायटी त्यांना ‘बाई’ म्हणत असेल तर ‘बाई’ लिहावे. हे विचारूनच कळते. घराचे आणि खर्चाचे ‘हम’ हे ‘आम्ही’ राहिले, पण माफीचे ‘हम’ हे ‘मी’ झाले आणि लिहिणारी स्त्री असल्यामुळे ‘मागते’ झाले. हिंदीत ‘हम माफ़ी माँगते हैं’ मध्ये लिहिणारी बाई आहे हे दिसत नाही, म्हणून भाषांतर करणाऱ्याला ते माहीत करून घ्यावे लागते. ‘माफ़ कर दीजिए’ हे वाक्य गाळले आहे. मराठीत माफी मागितल्यानंतर लगेच माफ करण्याची विनंती पुन्हा केली तर आर्जव वाढून नाटकी वाटते. गाळलेले वाक्य चिठ्ठी लिहिणारीला सांगावे, तिची हरकत असेल तर ते परत घ्यावे. ‘मना मत कीजिएगा’ मधली मऊ भविष्यातली आज्ञा मराठीत तशी होत नाही, म्हणून तिची मऊपणाची जागा ‘कृपा करून’ने घेतली. नुसते ‘कृपया’ येथे पाटीवरचे वाटले असते.

शेवटचा बदल मराठीपुरताच आहे. ‘पाणी गळले’, ‘हवे होते’ हे लेखी प्रमाण रूप आणि ‘गळलं’, ‘हवं होतं’ हे बोलीजवळचे. हिंदीत असा पर्याय नाही, म्हणून मूळ चिठ्ठी याबद्दल काहीच सांगत नाही आणि निर्णय भाषांतर करणाऱ्याचा असतो. शेजाऱ्याच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत अनुस्वाराचे रूप माणसाचा आवाज आणते; सोसायटीच्या लेटरहेडवर एकारान्त रूप हवे. कोणतेही घ्यावे, पण एकाच चिठ्ठीत दोन्ही येऊ देऊ नयेत.

सहावी पायरी : आभाराची चिठ्ठी, उलट दिशेने

समजा पुण्याचे एक कुटुंब महाकालेश्वराच्या दर्शनाला उज्जैनला गेले, तेथे आईची प्रकृती बिघडली आणि ज्यांच्याकडे उतरले होते त्या गृहस्थांनी धावपळ केली. परत आल्यावर मुलगा मराठीत लिहितो :

‘आदरणीय भाऊ, सप्रेम नमस्कार. आम्ही काल सुखरूप घरी पोहोचलो. उज्जैनला आईची तब्येत अचानक बिघडली तेव्हा तुम्ही रात्रभर दवाखान्यात थांबलात आणि वहिनींनी दोन दिवस घरचं जेवण पाठवलं. आभार मानून तुम्हा दोघांना परकं करणार नाही, पण तुमचे उपकार आम्ही कधीच विसरणार नाही. आई रोज तुमचं नाव काढते. पुण्याला याल तेव्हा आमच्याकडे नक्की या. लोभ असावा.’

हिंदीत ती अशी जावी :

‘आदरणीय भाई साहब, सादर नमस्कार। हम लोग कल सकुशल घर पहुँच गए। उज्जैन में माँ की तबीयत अचानक बिगड़ी तो आप रात भर अस्पताल में रुके रहे और भाभी जी ने दो दिन घर का खाना भेजा। धन्यवाद कहकर आप दोनों को पराया नहीं करूँगा, पर आपका यह उपकार हम कभी नहीं भूलेंगे। माँ रोज़ आपको याद करती हैं। पुणे आना हो तो हमारे घर ज़रूर आइएगा। स्नेह बनाए रखिएगा।’

आधीच्या चिठ्ठीत हिंदी जोडक्रियापद काढावे लागले, येथे ‘पोहोचलो’चे ‘पहुँच गए’ करताना ते घालावे लागले. ‘हम पहुँचे’ हे चूक नाही, पण वृत्तान्तासारखे कोरडे लागते. ‘दवाखाना’ हिंदीत लहान औषधोपचाराची जागा आहे, रात्रभर थांबण्याची जागा ‘अस्पताल’. ‘नाव काढते’ हे शब्दशः नेले तर काहीच अर्थ उरत नाही. ‘वहिनी’ आणि ‘भाऊ’ यांना ‘जी’ आणि ‘साहब’ची जोड लागली, कारण नुसते ‘भाभी’ किंवा ‘भाई’ हिंदीत अधिक सलगीचे आहे. त्याऐवजी ‘भैया’ हा शब्द घ्यावा का, असे विचारले जाते. हिंदी प्रदेशात तो अगदी प्रेमाचा आहे, पण मुंबईकडच्या मराठी तोंडी त्याला जी हेटाळणीची छटा चढली आहे ती उत्तर भारतीयांना ठाऊक असते, तेव्हा मराठी माणसाने पहिल्याच चिठ्ठीत ‘भाई साहब’ लिहिलेले बरे.

सर्वांत नाजूक जागा आईची आहे. मराठीत बाबा ‘येतात’ आणि आई ‘येते’. आईबद्दलचे एकवचन हे जवळिकीचे आहे, अनादराचे नाही. हिंदीतही घरोघरी ‘माँ कहती है’ असे ऐकू येते, पण बाहेरच्या माणसाला लिहिताना ‘माँ याद करती हैं’ हेच शोभते, आणि तो शेवटचा अनुस्वार विसरला तर मुलगा आईबद्दल थोडा बेफिकीर वाटतो. हिंदीतून मराठीत येताना ‘मम्मी कह रही थीं’ याचे ‘आई म्हणत होत्या’ करू नये. लिहिणारा आपल्या आईऐवजी सासूबद्दल सांगतो आहे असे वाटेल.

‘आभार मानून परकं करणार नाही’ हे वाक्य सुदैवाने दोन्ही भाषांत चालते, कारण जवळच्यांत उघड आभार मानणे दोन्हीकडे थोडे परकेपणाचे समजले जाते. म्हणूनच मूळ चिठ्ठीत आभाराचा शब्द एकदाच असेल तर भाषांतरात तो दोनदा करू नये. वजन वाढवायचे असेल तर घडलेली गोष्ट नेमकी सांगावी, जसे येथे रात्रभर थांबणे आणि घरचे जेवण सांगितले आहे.

मायने आणि शेवट

जुन्या वळणाच्या मराठी पत्रांतली ‘ती.’, ‘सा. न. वि. वि.’ ही संक्षिप्त रूपे हिंदीत तशी नेता येत नाहीत. ‘ती.’च्या जागी ‘पूज्य’ किंवा ‘आदरणीय’, साष्टांग नमस्काराच्या जागी ‘सादर प्रणाम’, घरातल्या फार मोठ्यांना ‘चरण स्पर्श’. औपचारिक पत्राच्या शेवटी हिंदीतला ‘भवदीय’ हा मराठीत ‘आपला’ किंवा ‘आपला विश्वासू’ होतो. हे तेच एक ठिकाण आहे, जिथे आत सगळीकडे ‘तुम्ही’ लिहूनही शेवटी ‘आपला’ लिहिलेले खटकत नाही. विरामचिन्हही बदलावे : हिंदीत दंड, मराठीत पूर्णविराम.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

मूळ चिठ्ठी झाकून भाषांतर मोठ्याने वाचावे, आणि वाचताना समोर ती व्यक्ती उभी आहे असे समजावे. जेथे जीभ अडते किंवा आपण स्वतः बोलताना असे कधी म्हटले नसते असे वाटते, तेथे खूण करावी. नंतर फक्त सर्वनामे आणि क्रियापदांचे शेवट यांवर बोट फिरवावे. एखादे ‘आप’ ‘करो’च्या शेजारी उभे असेल किंवा ‘तुम्ही’च्या चिठ्ठीत एक ‘आपल्याला’ शिरले असेल तर ते याच वाचनात सापडते. तिसऱ्यांदा, ज्यांना दुसरी भाषा मातृभाषा म्हणून येते अशा एखाद्याला चिठ्ठी दाखवावी, पण ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारू नये, कारण सभ्य माणूस त्याला हो म्हणतो. ‘हे लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते काय असेल असे वाटते?’ असे विचारावे. त्याचे उत्तर आणि पहिल्या पायरीवर लिहिलेले वाक्य जुळले तर चिठ्ठी पाठवावी. ‘भाडेकरू आणि घरमालकीण असतील’ असे उत्तर आले तर बहुधा ‘आपण’ राहून गेले आहे. ‘मैत्रिणी असतील’ असे आले तर संबोधन किंवा क्रियापद कुठेतरी खाली घसरले आहे.

पुष्कळदा उत्तरही त्याच माणसाकडे भाषांतराला येते. काकूंचे ‘असू द्या हो, होतं असं कधीकधी’ हे हिंदीत ‘कोई बात नहीं, ऐसा हो जाता है’ असे जावे, आणि त्या मुलीला एव्हाना ‘तू’ म्हणू लागल्या असतील आणि ‘असू दे गं’ लिहिले असेल तर ‘कोई बात नहीं बेटा’ असे. ‘बेटा’ हा शब्द काकूंच्या मराठी वाक्यात नाही, पण ‘गं’ने केलेले काम हिंदीत तोच करतो. उज्जैनहून ‘इसमें धन्यवाद की क्या बात है’ असे आले तर ‘आभार कसले त्यात’ एवढे पुरे.